पनीर तव्याला का चिकटतं?

पनीरची भाजी करायची म्हटलं की बऱ्याच जणींची एकच तक्रार असते. तुकडा उलटायला गेलं की वरची साल तव्यालाच राहते आणि हातात पांढरा चुरा येतो. मग तेल वाढवलं जातं. पण दोष तेलाचा नसतो, पाण्याचा आणि घाईचा असतो.

पाणी १०० अंशाला उकळतं. तुकड्याच्या अंगावर ओल आहे तोवर तिथली उष्णता त्याच्या फारशी वर चढत नाही, आणि सोनेरी रंग यायला तर साधारण १४० अंश लागतात. तोवर पनीर नुसतं वाफवतं आणि ओलं अंग तापल्या लोखंडाला धरून बसतं. साल कडक झाली की तीच तवा सोडते.

लिटरभर म्हशीच्या दुधाचं साधारण २०० ग्रॅम पनीर निघतं, तेवढंच धरून चालू. घरचं ताजं पनीर ओलं असतं. फडक्यात बांधून तासभर वरवंट्याखाली दाबा, मग अर्धा-पाऊण इंचाचे तुकडे करा आणि कोरड्या सुती कापडानं सगळ्या बाजूंनी टिपा. मीठ आत्ता लावू नका, ते पाणी सोडवतं. हळद-तिखटही नंतरच, नाहीतर तेलात करपतं.

लोखंडी किंवा बिडाचा तवा मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकून बघा. जागेवरच बसून चुर्र करत आटला तर तवा अजून थंड आहे. मोत्यासारखा गोल होऊन पळाला तर तयार. तवा पुसून दोन मोठे चमचे तेल सोडा. तेलातून धूर यायला लागला तर आच कमी करा, नाहीतर बाहेरून काळं आणि आतून थंड राहील. (नॉनस्टिक तवा मात्र असा रिकामा तापवू नये.)

तुकडे एकमेकांना न लागता ठेवा. खच्चून भरले तर वाफ कोंडते आणि पुन्हा तीच चिकटाचिकटी, म्हणून दोन घाण्यांत करा. आता दोन मिनिटं हात लावायचा नाही. हेच अवघड! मग उलथन्याची धार एका तुकड्याखाली घाला. सहज सुटला तर उलटा. अडला तर ओढू नका, आणखी अर्धं मिनिट थांबा. दुसरी बाजू दीड मिनिटात होते. जास्त वेळ ठेवलं तर पनीर रबरासारखं होतं. तसं झालंच तर कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, पण साल मऊ पडेल. रश्शात टाकायचं असेल तर चालेल.

आपल्या कृष्णाकाठच्या सोयाबीनचं टोफू केलं तर रीत हीच, वेळ वेगळी. त्यात पाणी जास्त, म्हणून अर्धा तास वजनाखाली ठेवा आणि पहिल्या बाजूला चार-पाच मिनिटं द्या. पनीरइतका गडद रंग येईल याची वाट बघू नका. टोफूत दुधातली साखर नसते, म्हणून ते फिकट सोनेरीच राहतं. त्याचा कडकपणा उलथनं टेकवून ओळखायचा.