नैऋत्येचं कपाट आणि मीरा रोडचा पाऊस

अगं, तुझ्या बेडरूमचा नकाशा बघितला. वास्तुवाल्यांनी त्यावर लाल पेनाने खुणा करून दिल्यात, सासूबाईंना त्या पटल्यात, आणि सामानाचा टेम्पो रविवारी दारात येणार. तुझ्या पोटात गोळा आला असणार, हे मी समजू शकते. पण बघ, हा गुंता सुटण्यासारखा आहे, आणि सासूबाईंचं मन न मोडता सुटतो.

खोली दहा फूट पूर्व-पश्चिम आणि नऊ फूट दक्षिण-उत्तर. दार उत्तरेच्या भिंतीत, पूर्वेच्या टोकाला. दक्षिणेच्या भिंतीत मधोमध पाच फुटी खिडकी. सल्ला असा, की तीन फुटी कपाट नैऋत्येच्या कोपऱ्यात दक्षिणेच्या भिंतीला टेकवायचं, आणि पलंगाचं डोकं दक्षिणेला. टेपने मोजलंस तर सगळं बसतं. तीन फूट कपाट, पाच फूट पलंग, वर दोन फूट मोकळे. म्हणूनच कुणाला काही चुकतंय असं वाटत नाही.

खरं सांगू का, अडचण मापात नाहीये, जून महिन्यात आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडूनच येतो. तुझा फ्लॅट इमारतीच्या कोपऱ्याचा, म्हणजे बेडरूमच्या दक्षिण आणि पश्चिम दोन्ही भिंती बाहेरच्या, आणि झोडपा थेट त्यांच्यावर. शांतीनगरच्या जुन्या इमारतींचं प्लॅस्टर तू बघितलंसच. अशा दोन भिंतींच्या बेचक्यात कपाट घट्ट बसवलंस, की मागे हवा खेळत नाही. मग पाठीच्या प्लायला बुरशी धरते, लोखंडी कपाट असेल तर तळ गंजतो, आणि दिवाळीला काढलेल्या पैठणीला कुबट वास येतो. शिवाय कपाट अर्धा फूट खिडकीवर येणार, म्हणजे सरकती काच त्या बाजूला नीट उघडणार नाही. खिडकी बरोबर उशाशी, त्यामुळे रात्री सर आली की पलंगावर चढून ती ओढून घ्यायची.

म्हणून पहिलं काम भिंत ओली आहे का ते बघण्याचं. फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा घे आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसव. दोन दिवसांनी काढ. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर तो हवेतला दमटपणा. उन्हाळ्यात भिंत कोरडीच लागेल, म्हणून पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा लाव. आणि शेजारच्या काकूंना विचार, त्यांच्या त्याच बाजूच्या भिंतीचा रंग किती वर्षं टिकतो. त्या बरोबर सांगतील.

दुसरं काम दिशा नीट बघण्याचं. मोबाइलचं होकायंत्र फ्रीज, लोखंडी कपाट किंवा सळयांच्या खांबाजवळ चुकीचं दाखवतं. खोलीच्या मधोमध एकदा, दारात एकदा, गच्चीवर एकदा बघ. मग मोबाइलच्या नकाशात उपग्रहाचं चित्र उघडून आपली इमारत शोध. इमारत तिरकी बांधलेली असेल, तर नैऋत्य कोपऱ्यात न येता भिंतीच्या मध्यावरही येऊ शकते, आणि अर्धा वाद तिथेच मिटतो. तुझी इमारत मात्र सरळ आहे, म्हणून आपल्याला पुढे जावं लागेल.

आता सासूबाईंशी बोलायचं ते. शास्त्र खोटं म्हणून सुरुवात करू नकोस गं. त्यांच्या मनात घर नांदावं हीच काळजी आहे. त्यांना शास्त्रातलंच सांग. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकातल्या ग्रंथात, ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैऋत्येला भांडीकुंडी आणि घरचं सामान, आणि वायव्येला धन-धान्य सांगितलंय. बघ, पैसाअडका ठेवायची जागा तिथे वायव्य आहे. आणि झोपताना डोकं पूर्वेला किंवा दक्षिणेला असावं, असं विष्णुपुराण सांगतं. पूर्व चालते. नको म्हणतात ती उत्तर. हेही लक्षात घे, की त्याच बृहत्संहितेत राजाचं उत्तम घर 108 हात रुंद सांगितलंय. हात दीड फुटाचा धरला तर साधारण 160 फूट. तिथे एकेका दिशेला आख्खी दालनं होती. तुझ्या दहा फुटांत एक दिशा म्हणजे जेमतेम सव्वातीन फूट. तिथे नियमाचा हेतू सांभाळायचा, इंच नाही.

मग मांडणी अशी कर. पलंगाचं डोकं पूर्वेच्या भिंतीला. पलंग साडेसहा फूट लांब, म्हणजे पायथ्याशी पश्चिमेला साडेतीन फूट उरतात. खिडकीच्या बाजूला दीड फूट सोड, म्हणजे उभं राहून काच लावता येईल. पाच फूट पलंग, पुढे दाराच्या बाजूला अडीच फूट, त्यात दार पूर्ण उघडतं. कपाट वायव्येच्या कोपऱ्यात, उत्तरेच्या आतल्या कोरड्या भिंतीला टेकवून, तोंड दक्षिणेला. पश्चिमेची भिंत बाहेरची, म्हणून तिच्यापासून तीन-चार इंच सोड. समोर साडेतीन फुटी वाट, त्यामुळे दारं ऐसपैस उघडतील. दागिने, कागद त्यातच, आणि वराहमिहिरही खूश.

नैऋत्य मोकळी राहिली म्हणून सासूबाई हळहळतील. तर तिथे त्यांचीच जुनी पितळी भांडी भरलेली लोखंडी ट्रंक ठेव. दीड फूट रुंदीची असली तरी वाट पुरते. जड वस्तू नैऋत्येला झाली, भांडीकुंडीही झाली. फक्त खाली विटा किंवा लाकडी पट्ट्या दे, भिंतीपासून चार इंच सोड, आणि पावसाळ्यात पंधरवड्याने मागे हात फिरवून बघ. ट्रंक दोघींनी सरकवता येते. भरलेलं कपाट नाही सरकत.

दोन ठिकाणी मात्र ऐकू नकोस, मग सांगणारं कुणीही असो. गॅसची शेगडी आग्नेयेला नेण्यासाठी नळी लांबवायची नाही. ती दीड मीटरपेक्षा जास्त नको, मध्ये जोड नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. आणि ‘दोष’ काढायला खांब-तुळईला हात लावू द्यायचा नाही. त्यावर वरचे सगळे मजले उभे आहेत.

टेम्पो येण्याआधी शनिवारी खडूने फरशीवर पलंग, कपाट, ट्रंक आखून घे आणि सासूबाईंना त्यातून चालायला लाव. खिडकीपाशी त्या स्वतः उभ्या राहिल्या की निम्मं बोलणं वाचेल. कपाट जिथे ठेवायचं ती भिंत आधी कोरडी हवी, दिशा त्यानंतर. एवढं धरून चाल, बाकीचं तुला जमतंय.