ओल येते कुठून?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला विटांच्या जुन्या घरात राहतो. दोन वर्षांपूर्वी पोटमाळ्यावर ग्लासवूलचे जाड थर टाकून घेतले. घर उबदार झालं, पण तेव्हापासून हिवाळ्यात वरच्या खोलीच्या छतावर, बाहेरच्या भिंतीलगत, काळ्या ठिपक्यांचा पट्टा उमटतो. ब्लीचनं पुसून रंग देतो, तरी पुढच्या वर्षी पुन्हा हजर. छप्पर गळत नाही. मग ओल येते कुठून?

उत्तर : ओल तुमच्या घरातलीच आहे. गळतीचा डाग पिवळट-तपकिरी, कडा असलेला असतो आणि पावसानंतर वाढतो. थंडीत भिंतीलगत उमटणारे काळे ठिपके हवेतल्या बाष्पावर वाढलेल्या बुरशीचे असतात. आपला श्वास, अंघोळ, शिजणारा भात, खोलीत वाळत घातलेले कपडे यांतून ते बाष्प हवेत मिसळत राहतं.

आता तो पट्टा नेमका तिथंच का, ते पाहू. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे असं धरा. हीच हवा १२ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की दव जमतं. बुरशीला मात्र दवाची गरज नसते. पृष्ठभागालगतची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली, की तिला पुरतं. या हवेत ती मर्यादा साधारण साडेपंधरा अंशांनाच ओलांडली जाते. म्हणूनच हात लावून छत कोरडं वाटतं, तरी बुरशी वाढत असते.

ग्लासवूलखालचं छत थंडीतही १८ अंशांच्या आसपास राहतं. पण वळचणीपाशी छप्पर इतकं खाली येतं की तिथं हात पोचत नाही, आणि कामगार बहुधा वीतभर आधीच थर संपवतात. तो उघडा पट्टा १३ अंशांवर उतरला, तर त्याच्यालगतची आर्द्रता नव्वदीच्या पुढं जाते. पूर्वी घरातली ऊब वर झिरपून पोटमाळाही थोडा उबदार ठेवायची. आता ती अडली, पोटमाळा गारठला, आणि उघडा राहिलेला पट्टा पूर्वीपेक्षाही थंड झाला. म्हणजे थर टाकण्यात चूक नव्हती, तो अपुरा पडला एवढंच.

थंडीच्या दिवशी इन्फ्रारेड थर्मामीटरनं छताचा मध्य आणि पट्टा, दोन्ही मोजा. मग टॉर्च घेऊन पोटमाळ्यावर चढा आणि छपराच्या लाकडावर काळेपणा आहे का, खिळ्यांच्या टोकांवर थेंब किंवा हिमकण आहेत का, ते बघा. असतील, तर घरातली दमट हवा वर घुसते आहे. माळ्याच्या झाकणाची फट, दिव्यांची भोकं आणि बाथरूमच्या पंख्याची नळी तपासा. ही नळी पोटमाळ्यातच सोडून दिलेली अनेकदा आढळते. ती छपराबाहेर न्यायलाच हवी.

वळचणीपाशी थर ठासून भरू नका. वारा अडला की छपराचं लाकूड कुजू लागतं. आधी वाशांच्या मध्ये वारा जाण्यासाठी मिळणारे प्लास्टिकचे ट्रे बसवा. छप्पर आणि थर यांच्यात सुमारे ५० मिलिमीटर मोकळी वाट ठेवून थर भिंतीच्या माथ्यापर्यंत न्या. जागा फारच कमी असेल, तर तिथं कडक फोमची पाटी कापून बसवा.

साफसफाई या कामाच्या आगेमागे केव्हाही करा, पण रंग शेवटी. मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून, दार लावून आणि खिडकी उघडून साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा. फडकी टाकून द्या आणि जागा लगेच वाळवा. कोरडं घासू नका, बीजाणू उडतात. ब्लीच डागाचा रंग घालवतं, पण सच्छिद्र जिप्समच्या आत फारसं पोचत नाही. अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये ते मिसळलं तर विषारी वायू होतो. बोर्ड दाबून मऊ लागला तर पुसण्यात अर्थ नाही, तेवढा भाग कापून बदला. भिजलेला कागदी थरही टाकूनच द्यावा. बुरशी एक चौरस मीटरहून जास्त पसरली असेल किंवा घरात कुणाला दमा असेल, तर हे काम जाणकाराकडे सोपवा.

मुंबई-ठाण्यातल्या नातेवाइकांना मात्र हा सल्ला जसाच्या तसा देऊ नका. तिथं एसीच्या खोलीत थंडावा आत आणि दमट हवा बाहेर असते. बाष्प बाहेरून आत येतं, त्यामुळं बाष्प अडवायला खोलीकडच्या बाजूला प्लास्टिक लावलं तर ओल भिंतीतच अडकते.

नवा थर बसला की पहिल्या कडाक्याच्या थंडीत पुन्हा मोजा. पट्टा १६ अंशांच्या वर राहिला आणि खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असली, तर रंगाचा डबा उघडायला हरकत नाही.