चित्रात छापलेली सबटायटल्स पुसायला किती पडतात?

मोबाइलवर घेतलेला स्क्रीनशॉट घेऊन फोटोच्या दुकानात गेलात, तर दुकानदार अक्षरांमागे काय असेल याचा अंदाज बांधून रंगवणार आणि त्या रंगकामाचे तुमच्याकडून पैसे घेणार. मूळ व्हिडिओ घेऊन गेलात, तर अक्षरांमागचं खरं चित्र बहुतेक वेळा त्या व्हिडिओतच सापडतं. खर्चातला मोठा फरक इथून पडतो.

आधी दोन गोष्टी पाहून घ्या, त्यांना एक पैसाही लागत नाही. डीव्हीडी असेल तर व्हीएलसीमध्ये सबटायटल बंद होतात का, ते बघा. कित्येकदा ती वेगळ्या ट्रॅकवर असतात आणि आपण उगाच ती चित्रात छापलेली आहेत असं समजतो. दुसरं म्हणजे कापणं. सबटायटल तळाशी असतात आणि घरच्यांना हवा असतो तो चेहरा. खालची पट्टी कापून चौकट नीट बसत असेल, तर काम तिथेच संपलं. मजकूर खालच्या काळ्या पट्टीत असेल, तर प्रश्नच उरत नाही.

आता कापून भागत नाही असं एक उदाहरण घेऊ. ऐंशीच्या दशकातला मराठी चित्रपट, घरातल्या आत्याची छोटी भूमिका, आणि तिचा पडद्यावरचा एकमेव मोठा शॉट. हातात असलेल्या प्रतीवर इंग्रजी सबटायटल छापलेली आहेत. आत्या खाटेवर बसून बोलते आहे. दोन ओळींचा मजकूर मागच्या भिंतीवर, नऊवारीच्या काठावर आणि मांडीवरच्या हातांवर पसरला आहे. हात कापले तर फोटोत मजा राहत नाही.

शॉट सहा सेकंदांचा आहे. २५ फ्रेम प्रतिसेकंद या हिशेबाने १५० चित्रं. ती सगळी वेगळी काढून घ्यायची:

```
ffmpeg -ss 00:42:10 -i film.mpg -t 6 -vf yadif shot_%03d.png
```

हे सॉफ्टवेअर फुकट आहे. `yadif` लावलं नाही, तर डीव्हीडीच्या चित्रात हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात. पीएनजीतच साठवा. जेपीजीत साठवलं की कामाला हात लावण्याआधीच अक्षरांच्या कडा आणखी फिसकटतात.

सबटायटल बहुधा संवादाबरोबर उमटतात. त्यामुळे शॉटच्या सुरुवातीला, ओठ हलण्याआधी, मजकूर नसलेल्या काही फ्रेम मिळतात. एक वाक्य संपून दुसरं सुरू होतं तिथेही मोकळी जागा असते. मोकळी फ्रेम अजिबात नसेल, तर मजकूर बदलतो त्या जागा बघा. लांब ओळीनंतर छोटी ओळ आली की कडेचा भाग उघडा पडतो. मात्र मजकूर गेल्यानंतरची लगेचची फ्रेम उचलू नका. कॉम्प्रेशनमुळे अक्षरांची पुसट छाया एक-दोन फ्रेम रेंगाळते. तीनचार फ्रेम सोडून पुढची घ्या.

मग जिंप, तेही फुकट. हवा तो हावभाव असलेली फ्रेम खाली, मोकळी फ्रेम वर, आणि वरच्या थराचा मोड `Difference` करायचा. दोन्ही चित्रं नेमकी एकावर एक बसली की न हललेला भाग काळा पडतो; बसली नाहीत तर कडा चमकतात. बाण-कळांनी एकेक पिक्सेल सरकवून बसवा, मोड पुन्हा `Normal` करा आणि मास्क लावून फक्त अक्षरांपुरती वरची फ्रेम दिसू द्या. जुन्या प्रिंटवर उजेड फ्रेमगणिक थरथरतो, तेव्हा वरच्या थराचा उजेड `Levels`मध्ये जुळवून घ्यावा लागतो. तो जुळवला नाही तर भिंतीवर चौकोनी ठिगळ दिसतं.

डाग पडतो तो मुख्यतः मास्क अक्षराला चिकटून काढल्यामुळे. अक्षराला काळी कड असते, कडेबाहेर कॉम्प्रेशनची कुरबुर असते, आणि रंगाची माहिती चित्राच्या निम्म्याच बारकाईने साठवलेली असल्यामुळे पांढऱ्याचा फिकट ओघळ आणखी पुढे जातो. पांढरं तेवढं निवडून भरलं, तर हे सगळं मागे राहतं आणि वाक्य धुराने लिहिल्यासारखं वाचता येतं. डीव्हीडीच्या चित्रावर निवड `Select > Grow`ने चार पिक्सेल वाढवा, कड एखाददुसऱ्या पिक्सेलने मऊ करा. आणि हे सगळं मूळ आकारातच. आधी चित्र मोठं केलं, तर डागही मोठा होतो.

आपल्या उदाहरणात भिंत आणि खाट मोकळ्या फ्रेममधून सहज मिळतात. काठ मात्र मिळत नाही, कारण बोलताना आत्या थोडी पुढे झुकली आहे. काठाचा तुकडा सगळ्यांत जवळच्या मोकळ्या फ्रेममधून घेऊन थोडा फिरवून बसवावा लागतो. हात सतत हलताहेत, म्हणून बोटांवरची तीनचार अक्षरं क्लोनने हातानेच भरायची. तेवढा भाग रंगवलेलाच असणार. दुकानदार ‘हुबेहूब’ म्हणाला तरी त्याने ती बोटं पाहिलेली नाहीत.

भरलेली जागा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत दिसते, कारण तिच्यात फिल्मचे कण नसतात. थोडा नॉइज टाकून ती बाकीच्या चित्राशी जुळवायची. मग तपासणी: `Levels`चा मधला काटा डावीकडे, मग उजवीकडे ओढा. नेहमीच्या उजेडात लपलेला डाग फिकट किंवा गडद चित्रात लगेच वर येतो. तयार काम ताब्यात घेताना तुम्हीही हे दुकानातच करून बघा. शेवटी ७२० बाय ५७६चं चित्र ४:३साठी ७६८ रुंद करायला सांगा, नाहीतर आत्या होती त्यापेक्षा बारीक दिसेल.

हिशेब तासांचा मांडा. समजा कारागीर तासाला ४०० रुपये घेतो. भिंत-खाट पाव तास, काठ एक तास, हात पाऊण तास, कण आणि तपासणी अर्धा तास: अडीच तास, १,००० रुपये. हेच काम नुसत्या स्क्रीनशॉटवरून केलं, तर भिंतीपासून काठापर्यंत सगळं रंगवायचं. पाच तास म्हटले तरी दोन हजार, आणि काठावरची वेलबुट्टी कारागिराच्या मनातली. मोकळी फ्रेम तुम्ही स्वतः शोधून दिलीत, तर शोधण्याचा वेळही वाचतो. मजकूर फक्त भिंतीवर असेल आणि कोणी हजार सांगत असेल, तर घासाघीस करायला हरकत नाही.

भाव ठरवताना एकच प्रश्न विचारा: ‘त्याच शॉटमधली दुसरी फ्रेम वापरणार का?’ समोरचा गोंधळला, तर दुसरीकडे चला. आगाऊ पैसे देण्याआधी काठावरचा एकच शब्द नमुना म्हणून काढून मागा, भिंतीवरचा नको. भिंत कोणालाही जमते. व्हिडिओचा तुकडा पेन ड्राइव्हवर द्या, नाहीतर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो पुन्हा दाबला जातो. काम झाल्यावर पीएनजीबरोबर थर असलेली फाइलही घ्या, म्हणजे डाग नंतर दिसला तर सगळं पहिल्यापासून करावं लागणार नाही.

प्रिंटचा मोह मात्र आवरा. ७६८ पिक्सेल सहा इंचांत पसरले की इंचाला १२८ येतात, भिंतीवर लावायला चालतं. व्हीसीडीची प्रत ३५२ बाय २८८ची असते. तिच्यावर तेवढेच तास घालवून आठ-दहा इंची फोटो काढला, तर सबटायटल गेलेली असतील, पण आत्याचे डोळेही दिसणार नाहीत. अशा वेळी आधी त्याच चित्रपटाची डीव्हीडी मिळते का ते शोधा, आणि कारागिराकडे नंतर जा.