टिपणवहीपासून स्लाइडपर्यंत
(उच्च प्राथमिक वर्गातील अभ्यासगटांसाठी)

पाठाचा हेतू

अभ्यासगटात एका विद्यार्थ्याने इतरांस एखादा घटक समजावून द्यावा, ही पद्धत आता अनेक शाळांत रूढ झाली आहे. शाळेत संगणक व प्रोजेक्टर असेल, तर विद्यार्थी त्यासाठी स्लाइडही तयार करतात. परंतु बहुधा असे घडते की, विद्यार्थी आपल्या टिपणवहीतील ओळी जशाच्या तशा स्लाइडवर उतरवितो आणि पडद्याकडे तोंड करून त्या वाचून दाखवितो. ऐकणारे त्याच ओळी मनात वाचीत असतात, त्यामुळे त्याचे बोलणे त्यांच्या कानांवर पडूनही मनात शिरत नाही. टिपणे ही लिहिणाऱ्याच्या आठवणीसाठी असतात. त्यांतील जे दुवे त्याने गृहीत धरलेले असतात, ते ऐकणाऱ्यास ठाऊक नसतात. हे सुटलेले दुवे शोधणे हेच स्लाइड तयार करण्याचे मुख्य काम होय. ते कसे करावे, हे पुढील उदाहरणावरून दिसून येईल.

उदाहरण

नागपूरच्या महाल भागातील पाच विद्यार्थ्यांचा एक अभ्यासगट आहे, असे समजू. त्यांतील एका विद्यार्थिनीकडे ‘नागपूरच्या भोसले राज्याचा शेवट’ हा घटक आला आहे. हा विषय त्यांच्या घराजवळचाच. कारण भोसल्यांचा वाडा महालातच आहे. तिच्या वहीत पुढीलप्रमाणे टिपणे आहेत :

१८१६ – आप्पासाहेब, तैनाती फौजेचा तह.
१८१७ – सीताबर्डीची लढाई. पराभव. राज्य इंग्रजांकडे.
१८५३ – तिसरे रघुजी यांचे निधन, वारस नाही.
१८५४ – दत्तक नामंजूर, राज्य खालसा. डलहौसी.

पहिली पायरी : टिपणांस प्रश्न विचारणे

संगणक सुरू करण्यापूर्वी वही व कोरा कागद घेऊन बसावे. प्रत्येक ओळीनंतर ‘मग पुढे काय?’ आणि ‘असे का?’ हे दोनच प्रश्न विचारावे. येथे दुसऱ्या ओळीवरच अडचण उभी राहते. राज्य जर १८१७ मध्येच इंग्रजांकडे गेले, तर १८५४ मध्ये खालसा काय झाले? मधल्या सुमारे ३६ वर्षांत नागपूरच्या गादीवर कोण होते? टिपणांत याचे उत्तर नाही. विद्यार्थिनीने परीक्षेसाठी सनावळी पाठ केली होती. पराभव व खालसा होणे या दोन निराळ्या घटना आहेत, हे तिच्या ध्यानात आले नव्हते.

आता तिने पुस्तकाकडे परत जावे. तेथे तिला दुवा सापडतो. नोव्हेंबर १८१७ मधील पराभवानंतर १८१८ मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेबांस पदच्युत केले. परंतु गादी मोडली नाही. दुसऱ्या रघुजींच्या कन्येचा अल्पवयीन मुलगा दत्तक घेववून त्यास तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसविण्यात आले. सागर व नर्मदेकडील प्रदेश इंग्रजांनी स्वतःकडे घेतला आणि उरलेल्या राज्याचा कारभार रेसिडेंट जेन्किन्स याच्या देखरेखीखाली चालू लागला. म्हणजे गादी राहिली, अधिकार गेला. पुढे ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. त्यांनी हयातीत दत्तक घेतला नव्हता. त्यांच्या पश्चात राजघराण्याने सांगितलेला दत्तकाचा हक्क डलहौसीने मानला नाही व १८५४ मध्ये राज्य खालसा केले. १८१८ मध्ये इंग्रजांस दत्तक चालला आणि १८५४ मध्ये चालला नाही, हा विरोध ध्यानात येताच घटकाचे मर्म हाती लागते.

टिपणांतील ‘राज्य इंग्रजांकडे’ ही ओळ विद्यार्थिनीने खोडून दुरुस्त करावी. तशीच स्लाइडवर गेली असती, तर एका वहीतील चूक पाच वह्यांत गेली असती.

दुसरी पायरी : स्लाइडची मथळेओळ

प्रत्येक स्लाइडच्या वर केवळ ‘सीताबर्डीची लढाई’ असे नाव न देता पूर्ण वाक्य लिहावे. मथळे ओळीने वाचले असता सबंध पाठाचा सारांश झाला पाहिजे. प्रस्तुत घटकास पंधरा मिनिटांसाठी पाच स्लाइड पुरेत :

१. १८१७ मध्ये हरलेले राज्य १८५४ पर्यंत कसे टिकले?
२. १८१६ च्या तहाने इंग्रजी फौज नागपूरच्या खर्चाने राज्यात आली.
३. १८१७ मध्ये आप्पासाहेबांची फौज सीताबर्डीस हरली.
४. १८१८ मध्ये गादी राहिली, अधिकार गेला.
५. १८५४ मध्ये दत्तक नाकारून गादीही नाहीशी केली.

इम्प्रेस या मोफत प्रणालीत View या यादीतील Outline हा पर्याय निवडला, तर मथळेच ओळीने दिसतात व क्रम तपासणे सोपे जाते. एखादा मथळा आधीच्या मथळ्यापासून निघत नसेल, तर तेथे दुवा सुटला आहे असे समजावे.

तिसरी पायरी : मथळ्याखाली काय ठेवावे

मथळ्याखाली त्या वाक्यास आधार देणारी एकच गोष्ट असावी. तिसऱ्या स्लाइडवर साधा नकाशा पुरतो : पूर्वेस महाल, पश्चिमेस सीताबर्डीच्या दोन टेकड्या. चौथ्या स्लाइडवर दोन रकाने करावे, ‘काय राहिले’ आणि ‘काय गेले’. महालातील गांधी दरवाजाचे, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजाचे, छायाचित्र घालण्याचा मोह विद्यार्थ्यास होईल. परंतु ते पाच मथळ्यांपैकी एकासही आधार देत नाही, म्हणून ते गाळावे. बोलावयाचा तपशील स्लाइडवर न लिहिता लहान कागदांवर लिहून हाती ठेवावा. अक्षरे एवढी मोठी असावी की, शेवटच्या रांगेतील मुलास डोळे ताणावे लागू नयेत.

एक व्यावहारिक अडचण येथेच सांगणे इष्ट. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या पद्धतीच्या फाँटमधील मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अर्थहीन अक्षरे दिसतात. तयार संच पीडीएफ स्वरूपातही जतन करावा, म्हणजे अक्षरांची मांडणी बिघडत नाही. वीज नसेल, तर हेच पाच मथळे फळ्यावर लिहून पाठ घेता येतो. मथळे फळ्यावर लिहून पाठ उभा राहत नसेल, तर दोष विजेचा नसून मथळ्यांचा आहे.

परीक्षण

पाठ झाल्यावर ‘समजले काय?’ असे विचारू नये; सर्व मुले होकारच देतात. दुसऱ्या दिवशी वही न पाहता पहिल्या स्लाइडवरील प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने तीन वाक्यांत लिहावे. ज्याच्या उत्तरात सन बरोबर आहेत पण १८१८ ची गोष्ट नाही, त्याच्यापर्यंत चौथी स्लाइड पोहोचली नाही. सगळ्यांच्याच उत्तरांत ती नसेल, तर शिकविणाऱ्या विद्यार्थिनीने चौथी स्लाइड पुन्हा मांडावी. शिक्षकाने स्वतः ती दुरुस्त करून देऊ नये. कोणते वाक्य ऐकणाऱ्यांस कळले नाही, एवढेच तिला दाखवावे.

ही रीत इतिहास व विज्ञान यांतील कारणपरंपरेच्या घटकांस चांगली लागू पडते. गणितातील उदाहरणे मात्र स्लाइडवर आयती सोडवून दाखवू नयेत. ती मुलांसमोर फळ्यावर पायरीपायरीने सोडविलेलीच बरी, कारण तेथे पुढची पायरी का घेतली हे सोडविताना दिसावे लागते.