क्लायंटच्या अलाउलिस्टसाठी कायमचा आयपी: खर्च किती, खटपट किती

क्लायंटकडून मेल येतो, ‘तुमचा पब्लिक आयपी कळवा, फायरवॉलमध्ये टाकून घेतो.’ आपण ब्राउझरमध्ये बघून आकडा पाठवतो. लॉगिन सुरू होते, काही दिवस चालते, आणि एखाद्या सकाळी लाइट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला की थांबते. घरगुती ब्रॉडबँडचा पत्ता बदलता असतो. शिवाय बऱ्याच कंपन्या एकाच पब्लिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. राउटरच्या पानावर WAN समोर 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुमचेही तसेच आहे. असा सामायिक पब्लिक पत्ता क्लायंटने अलाउलिस्टमध्ये घातला, तर त्यामागच्या अनोळखी लोकांनाही तेच दार उघडते. म्हणून तो कळवूच नये.

आधी सर्वांत सोपी चौकशी करा. तुमच्या ब्रॉडबँडवाल्याला ‘स्टॅटिक आयपी देता का?’ असे विचारा. तुम्ही एकाच ठिकाणी बसून काम करत असाल आणि तो माफक जादा भाड्यात देत असेल, तर तोच घ्या आणि पुढची खटपट वाचवा. काही कंपन्या मात्र त्यासाठी बिझनेस प्लॅनच घ्यायला लावतात. गावी गेल्यावर किंवा लाइन पडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आल्यावर हा पत्ता कामाचा नाही. तिथे व्हीपीएन लागतो.

बाजारातला साधा व्हीपीएन घेऊन भागत नाही, कारण त्याचा बाहेर पडण्याचा पत्ता असंख्य ग्राहकांत वाटलेला असतो. ‘डेडिकेटेड आयपी’ हा प्रकार वेगळा; त्याचे पैसे मूळ वर्गणीवर वेगळे पडतात. जाहिरातीत दिसणारा महिन्याचा दर बहुधा दोन वर्षांचे पैसे एकदम भरल्यावरचा असतो, तेव्हा महिन्याच्या महिन्याला आणि नूतनीकरणाला काय पडेल ते आधी बघा. पत्ता कोणत्या देशातला मिळेल हेही बघा. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवायला सांगितले, तेव्हा नॉर्ड, एक्सप्रेस आणि सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर हलवले. क्लायंटची अट ‘लॉगिन भारतातूनच’ अशी असेल, तर परदेशातला डेडिकेटेड पत्ता घेऊन पैसे वाया जातील.

माझी पसंती तिसऱ्या मार्गाला आहे: भारतातला एक छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि त्यावर वायरगार्ड चालवायचा. पत्ता फक्त तुमचा, आणि तो दोघा-तिघांत वापरता येतो.

समजा, नाशिकमधले दोघे एका मुंबईच्या क्लायंटचा सर्व्हर सांभाळतात. अ‍ॅमेझॉनच्या लाइटसेलवर मुंबई विभागात आयपीव्ही४ पत्त्यासह सर्वांत लहान सर्व्हर महिन्याला ५ डॉलरला मिळतो. डॉलर ९० रुपये धरला तर ४५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१. वर्षाचे ६,३७२, माणशी ३,१८६ रुपये. त्याच यादीत साडेतीन डॉलरचाही सर्व्हर दिसतो, पण तो फक्त आयपीव्ही६ वर चालतो. क्लायंटची यादी आयपीव्ही४ ची असेल, तर त्याचा उपयोग शून्य.

सर्व्हर सुरू केल्यावर पहिले काम म्हणजे ‘स्टॅटिक आयपी’ तयार करून त्याला जोडणे. जोडलेला असेपर्यंत त्याचे वेगळे पैसे नाहीत. हे राहिले तर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की पत्ता बदलतो आणि आपण पुन्हा होतो तिथेच येतो. मग लाइटसेलच्याच फायरवॉलमध्ये यूडीपी ५१८२० पोर्ट उघडायचा, सर्व्हरवर वायरगार्ड घालायचा, net.ipv4.ip_forward चालू करायचे आणि बाहेर जाणाऱ्या वाहतुकीला मास्करेड लावायचे. दोघांच्या किल्ल्या वेगळ्या ठेवा. एकाने काम सोडले तर फक्त त्याची किल्ली काढता येते. लॅपटॉपवरची फाइल अशी दिसते:

```
[Interface]
Address = 10.8.0.2/32
PrivateKey = (तुमची खाजगी किल्ली)

[Peer]
PublicKey = (सर्व्हरची किल्ली)
Endpoint = 198.51.100.7:51820
AllowedIPs = 203.0.113.10/32
PersistentKeepalive = 25
```

यातली AllowedIPs ही ओळ खर्च ठरवते. इथे फक्त क्लायंटच्या सर्व्हरचा पत्ता आहे, म्हणून तेवढेच लॉगिन बोगद्यातून जाते. बाकीचे इंटरनेट घरच्या लाइनवरूनच चालते. 0.0.0.0/0 लिहिले तर घरातला सगळा व्हिडिओसुद्धा त्या छोट्या सर्व्हरवरून जाईल, आणि लाइटसेलच्या डेटा मर्यादेत येणारा व जाणारा दोन्ही मोजला जातो. तुम्ही उतरवलेली एक जीबी तिथे दोन जीबी होते. मात्र क्लायंटचा सर्व्हर लोड बॅलन्सरमागे असेल आणि त्याचा पत्ता बदलत असेल, तर सगळी वाहतूकच बोगद्यातून न्यावी लागते.

तपासणीत एक फसगत होते. वरच्या फाइलनुसार curl -4 https://api.ipify.org चालवले तर घरचाच पत्ता दिसेल, कारण ती साइट बोगद्याबाहेर आहे. व्हीपीएन बिघडला असा त्याचा अर्थ नाही. म्हणून सुरुवातीला थोडा वेळ 0.0.0.0/0 ठेवून बाहेरचा पत्ता बघा, तो जोडलेल्या स्टॅटिक आयपीशी जुळवा, क्लायंटला /32 लावून कळवा आणि मग ओळ अरुंद करा.

पुढे लॉगिन अडले तर त्रुटीचा संदेश नीट वाचा. ‘Connection timed out’ आले, तर बहुधा क्लायंटची फायरवॉल तुम्हाला ओळखत नाही किंवा तुम्ही बोगद्याबाहेरून जाता आहात. ‘Permission denied (publickey)’ आले, तर अलाउलिस्ट पार झाली आहे आणि अडचण एसएसएच किल्लीची आहे. तेव्हा आयपी पुन्हा पाठवून क्लायंटचा वेळ घेऊ नका. क्लायंटच्या सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ताही असेल, तर लॅपटॉप आधी तोच वापरून बोगदा टाळू शकतो. ssh -4 ने चालले आणि नुसत्या ssh ने नाही, तर कारण हेच. आणि ssh -v मध्ये जोडणी होऊन expecting SSH2_MSG_KEX_ECDH_REPLY या ओळीवर सगळे थिजले, तर पाकिटे मोठी पडत असण्याची दाट शक्यता आहे. [Interface] खाली MTU = 1280 लिहून पाहा.

या मार्गाची एक मर्यादा आहे. काही क्लायंटचे सुरक्षा विभाग क्लाउड कंपन्यांचे पत्ते सरसकट नाकारतात. पैसे भरण्याआधी ‘डेटा सेंटरमधला, भारतातला, फक्त आमच्या ताब्यातला पत्ता चालेल का?’ असे त्यांना मेलवर विचारा आणि होकार लेखी घ्या. नकार आला तर ब्रॉडबँडचा स्टॅटिक आयपी हाच उपाय. होकार आला आणि क्लायंटकडे तुम्हाला फक्त एसएसएच लागत असेल, तर त्याच क्लाउड सर्व्हरवरून ssh -J ने उडी मारून जाता येते; वायरगार्डची गरजही उरत नाही.

काम संपल्यावरचा क्रम चुकवू नका. आधी क्लायंटला तो पत्ता यादीतून काढायला सांगा आणि काढल्याचे उत्तर आल्यावरच सर्व्हर मोडा. तुम्ही सोडलेला पत्ता क्लाउड कंपनी उद्या दुसऱ्याला देते, आणि तोवर तो क्लायंटच्या यादीत असेल तर त्या दुसऱ्यासाठी दार उघडेच राहते. सर्व्हर मोडल्यावर स्टॅटिक आयपीही आठवणीने सोडून द्या, कारण कशालाही न जोडलेल्या स्टॅटिक आयपीचे तासाप्रमाणे पैसे लागतात.