चुकलेले रीडिंग खोडावे का?

प्रश्न : ऑक्झॅलिक आम्लाच्या टायट्रेशनमध्ये ९.८, ९.८ आणि १०.४ मि.लि. अशी रीडिंग आली. शिवाय ०.६३ ऐवजी ०.६५ ग्रॅम आम्ल वजनात आले. वहीत काय लिहू?

उत्तर : जे घडले तेच, आणि घडले त्याच वेळी लिहा. ०.६५ ग्रॅम ही चूकच नव्हे. १०० मि.लि. द्रावणात तेवढे आम्ल असेल तर त्याची नॉर्मॅलिटी ०.१०३ होते आणि ९.८ मि.लि. वरून सोडियम हायड्रॉक्साइडची ०.१०५ निघते. वहीत ०.६३ लिहिलेत तर तीच ०.१०२ दिसेल. पुढे त्या द्रावणावर आधारलेले प्रत्येक उत्तर सुमारे तीन टक्क्यांनी कमी येईल, आणि कारण कोणालाच सापडणार नाही. नोंदलेला फरक गणितात दुरुस्त होतो, लपवलेला होत नाही.

१०.४ चे तसे नाही. ‘शेवटी धार जास्त सुटली, रंग फिका न येता गडद गुलाबी आला’ अशी नोंद तेव्हाच केली असेल, तर ते रीडिंग वहीत ठेवून, कारण देऊन सरासरीतून वगळता येते. कारण दिसले नसेल तर केवळ वेगळे आले म्हणून वगळू नका. आणखी दोन टायट्रेशने करा. नंतर सुचलेले कारण ‘बहुधा’ म्हणून, त्या दिवशीची तारीख घालून लिहावे.

खाडाखोडीने गुण जातील ही भीती खरी आहे, काही परीक्षक तसे कापतातही. पण एका रेघेने खोडलेला, खाली वाचता येणारा आकडा म्हणजे गचाळपणा नव्हे. व्हाइटनर लावलेल्या जागी मात्र मूळ आकडा काय होता, हे परीक्षकाला तपासताच येत नाही.