पानावरची धूळ आणि खोडावरचं दगडफूल : राजूरच्या रस्त्यावरचा एक पर्यावरण प्रकल्प



आमच्या शाळेतून शिकून गेलेली मुलं अकरावी-बारावीला गेली की पर्यावरण प्रकल्पासाठी विषय विचारायला येतात. बहुतेकांना 'हवा प्रदूषण' हवं असतं, आणि वहीत मात्र पुस्तकातलीच माहिती उतरते. राजूरला राहणाऱ्या मुलाला तशी गरज नाही. इथे कोळसा आहे, चुन्याच्या भट्ट्या आहेत, वणीकडे जाणारे ट्रक आहेत. यंत्राशिवाय हवेबद्दल काय सांगता येतं आणि काय सांगता येत नाही, ते या लेखात पाहू.

दोन साक्षीदार

रस्त्याकडेच्या झाडावर हवेचे दोन साक्षीदार असतात. पानावरची धूळ शेवटचा जोरदार पाऊस झाल्यापासूनची गोष्ट सांगते, म्हणजे काही दिवसांची किंवा आठवड्यांची. खोडावरचं शैवाक कित्येक वर्षांची गोष्ट सांगतं. शैवाक म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. आपल्या मसाल्यातलं दगडफूल हे शैवाकच. त्याला मुळं नसतात आणि आपल्या झाडांच्या पानांवर असतो तसा मेणाचा थरही नसतो. पाणी असो वा हवेतला वायू, ते सगळं अंगानेच शोषून घेतं. म्हणून कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड त्याला लवकर मारतो. पॅरिसच्या एका बागेत टिकलेली शैवाकं शहराच्या इतर भागांतून नाहीशी होत आहेत, हे नायलँडर या शास्त्रज्ञाने 1866 मध्येच नोंदवलं होतं.

भाग 1 : पानावरची धूळ

झाड एकाच जातीचं घ्या. कडुनिंब सगळीकडे मिळतो. सागाचं पान खरखरीत असतं, त्यावर धूळ चिकटून राहते. पिंपळाचं पान गुळगुळीत, ते हलत राहतं आणि धूळ गळते. म्हणून रस्त्यावरचा साग आणि शेतातला पिंपळ यांची तुलना केली, तर हवेत नव्हे, पानात फरक दिसेल. एक झाड रस्त्याला लागून आणि दुसरं रस्त्यापासून व भट्टीपासून दूर शेतात, असं निवडा. दोन्हीकडून एकाच दिवशी, डोक्याच्या उंचीवरून, जून झालेली पानं तोडा. शेवटचा पाऊस कधी झाला ती तारीख लिहून ठेवा. डिसेंबर महिना बरा, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते आणि कोवळ्या पानाला धूळ गोळा करायला वेळच मिळालेला नसतो.

पानं न झटकता पिशवीत ठेवा. एका बशीत स्वच्छ पाणी घेऊन मऊ ब्रशने दोन्ही बाजू धुवा. ते पाणी आधी वाळवून वजन केलेल्या गाळणकागदातून गाळा. कागद पुन्हा पूर्ण वाळवून वजन करा. धुतलेली पानं आलेखकागदावर ठेवून बाहेरून रेघ मारा आणि चौरस सेंटिमीटरचे चौकोन मोजा. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरा, कमी भरलेला सोडा.

हिशोब कसा करायचा, ते उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा रस्त्याकडच्या 20 पर्णिकांचं क्षेत्रफळ 180 चौ. सेंमी भरलं. कागद आधी 0.842 ग्रॅम होता, नंतर 0.986 ग्रॅम झाला. म्हणजे धूळ 144 मिलीग्रॅम.

144 ÷ 180 = 0.8 मिलीग्रॅम प्रति चौ. सेंमी

शेतातल्या झाडाच्या 20 पर्णिका 190 चौ. सेंमी आणि धूळ 38 मिलीग्रॅम निघाली, तर 38 ÷ 190 = 0.2. म्हणजे रस्त्याकडे चौपट धूळ.

इथे बहुतेक प्रकल्प फसतात ते वजनात. कॉलेजचा काटा 0.01 ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर 10 मिलीग्रॅमची चूक सहज होते, आणि 38 मध्ये 10 म्हणजे चौथा हिस्सा झाला. अशा काट्यावर 20 ऐवजी 100 पर्णिका घ्या. दुसरं म्हणजे, गाळणकागद हवेतला ओलावा धरतो. म्हणून एका तिसऱ्या कागदातून नुसतं स्वच्छ पाणी गाळा आणि तोही तसाच वाळवा. त्याचं वजन वाढलेलं दिसलं तर ती वाढ धुळीची नाही, तुमच्या पद्धतीची आहे.

ही धूळ कुणाची?

कागदावरचा रंग पाहा. काळी असेल तर कोळशाचा संशय, पांढरी असेल तर चुन्याचा. प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. चुन्याची धूळ हवेत राहून कॅल्शियम कार्बोनेट झालेली असते, ती फसफसते. पण लगेच 'भट्टीची धूळ' असं लिहू नका. आपल्या काळ्या जमिनीतही चुनखडीचे खडे असतात आणि शेतातली मातीही फसफसू शकते. म्हणून त्याच झाडाखालची माती घेऊन तिच्यावरही थेंब टाका. माती गप्प आणि धूळ फसफसते, तरच चुना बाहेरून आला असं म्हणायला आधार मिळतो.

भाग 2 : खोडावरचं शैवाक

यासाठी आंबा बरा, कारण कडुनिंबाची जुनी साल फार भेगाळलेली असते. सारख्याच जाडीची झाडं निवडा. पुठ्ठ्यात 10 × 10 सेंमीच्या पाच चौकटी एकावर एक कापा. जमिनीपासून एक मीटर उंचीवर तो खोडाला लावा आणि किती चौकटींत शैवाक आहे ते मोजा. हे चारही दिशांना करा, कारण उत्तरेकडच्या सावलीत ओल टिकते आणि तिथे शैवाक जास्त असू शकतं. सालीला घट्ट चिकटलेली खपली, पानासारखं आणि झुडपासारखं, असे तीन प्रकार वेगळे लिहा. घाण हवेत साधारणपणे झुडपासारखं आधी जातं आणि खपलीसारखं शेवटपर्यंत टिकतं.

डाग शैवाकाचा आहे की नाही कळत नसेल तर पाणी शिंपडा. कोरडं राखाडी शैवाक ओलं झालं की बरेचदा हिरवट दिसतं. नखाने हलकं खरवडलं तर आत हिरवा थर दिसतो. आणखी एक फसगत म्हणजे रस्त्याकडच्या झाडांना मारलेले गेरू-चुन्याचे पट्टे. त्या भागात शैवाक नसेल तर तो दोष हवेचा नाही. पट्ट्याच्या वर मोजा, आणि मग शेतातल्या झाडावरही तेवढ्याच उंचीवर मोजा.

निष्कर्ष लिहिताना

वणी-राजूरचा उन्हाळा कडक असतो. इथे स्वच्छ जागीही शैवाक थोडंच असू शकतं. त्यामुळे 'रस्त्यावर शैवाक नाही, म्हणून प्रदूषण आहे' हे वाक्य चुकीचं ठरेल. शेतातल्या झाडावर आहे आणि रस्त्यावर नाही, हे पाच-सहा जोड्यांमध्ये दिसलं तरच त्याला अर्थ. उलटंही घडू शकतं. चुन्याच्या धुळीने सालीचा आम्लपणा कमी होतो आणि काही सहनशील जातींना ते मानवतं. म्हणजे भट्टीजवळ शैवाक जास्त दिसलं म्हणून हवा चांगली, असंही नाही. अशा वेळी किती प्रकार आहेत ते पाहा. एकच प्रकार खोडभर पसरलेला असेल तर सावध व्हा.

शेवटची मर्यादा सगळ्यात महत्त्वाची. पानावर बसते ती मुख्यतः जाड धूळ. छातीत खोल जाणारे 2.5 मायक्रॉनपेक्षा बारीक कण पानावर फारसे बसत नाहीत, आणि ते या पद्धतीने मोजताही येत नाहीत. त्यांची 24 तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, आणि ते मोजायला यंत्रच लागतं. म्हणून वहीत 'हवा धोकादायक आहे' असं लिहू नका. 'रस्त्याकडच्या पानावर शेतातल्या पानाच्या इतके पट धूळ आहे, ती आम्लात फसफसते, झाडाखालची माती फसफसत नाही', असं लिहा. हे वाक्य ग्रामपंचायतीत वाचून दाखवता येतं. कुणी खोडून काढायला आलं, तर त्याला तीच पानं पुन्हा तोडून धुवावी लागतील.